मराठी म्हण हिंदी रंगमंचावर नेताना : भाषांतराला नव्याने बसणाऱ्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या माणसाला दोन्ही भाषा लहानपणापासून येतात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे गणेशोत्सवासाठी किंवा कॉलनीच्या स्नेहसंमेलनासाठी एखादी मराठी एकांकिका हिंदीत करायची ठरली, की काम आपल्याकडे येतं आणि आपणही ते आनंदाने घेतो. संवाद भराभर हिंदीत उतरतात. मग पहिली म्हण येते आणि हात थांबतो.

म्हणीचं शब्दशः भाषांतर पुस्तकात एक वेळ चालून जातं, कारण खाली टीप देता येते. रंगमंचावर टीप नसते. प्रेक्षकाला ते वाक्य एकदाच ऐकू येतं आणि तेवढ्यात ते कळलं नाही, तर पुढची दोन वाक्यंही त्याच्या कानावरून जातात. म्हणून हा लेख फक्त एका कामाबद्दल आहे : मराठी संवादातली म्हण हिंदी प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या भाषेतली वाटेल, अशी कशी करायची.

आधी जवळ काय हवं

एक वही, शक्यतो आडवी. तिच्यात चार रकाने आखा : मराठी म्हण, कोण कोणाला आणि का म्हणतं, हिंदी उमेदवार, अंतिम वाक्य.

मराठी बाजूसाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश. तो मिळाला नाही तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). त्यात मुख्य शब्दाखाली अनेक म्हणी अर्थासह दिल्या आहेत. हिंदी बाजूसाठी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा हिंदी शब्दसागर. मोल्सवर्थ आणि शब्दसागर हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. फॅलनचा हिंदुस्तानी म्हणींचा कोश (१८८६) हा खजिना आहे, पण त्यात म्हणी रोमन लिपीत आहेत आणि भाषा त्या काळातली आहे. त्यातून सुचवण्या घ्या, थेट संवाद घेऊ नका.

आणि दोन माणसं हवीत. एक हिंदीभाषक, ज्याच्या घरात मराठी नाही. दुसरं माळव्याबाहेरचं, म्हणजे रीवा, कानपूर, पाटणा अशा कुठल्या तरी गावाहून आलेलं. दोघं वेगवेगळी का, ते पुढे सांगतो.

१. म्हण यादीतून उचलू नका, संवादातून उचला

बाजारात आणि इंटरनेटवर मराठी-हिंदी म्हणींच्या जोड्यांच्या याद्या भरपूर आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी त्या ठीक असतील. भाषांतराला त्या पुरत नाहीत, कारण यादीत म्हणीचा अर्थ असतो, पण ती म्हण त्या क्षणी काय काम करते आहे ते नसतं.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण बापाने मुलाला सांगितली तर उपदेश होतो. सासूने सुनेच्या माहेरच्यांबद्दल म्हटली तर तो टोमणा. बायकोने स्वतःबद्दल म्हटली तर ती समजूत. अर्थ तिन्ही वेळा एकच, काम तीन.

म्हणून दुसऱ्या रकान्यात आधी हे लिहा : बोलणारं कोण, ऐकणारं कोण, आणि या वाक्यानंतर ऐकणाऱ्याने गप्प बसावं, चिडावं, की हसावं अशी अपेक्षा आहे. हे लिहायला अर्धं मिनिट लागतं, आणि पुढची बरीचशी निवड त्यातच होऊन जाते.

२. चित्र पुसा, प्रसंग ठेवा

आता म्हणीतले बैल, कोंबडी, अंगण, मीठ सगळं बाजूला काढा आणि उरलेला प्रसंग साध्या हिंदीत एका वाक्यात लिहा. सुरुवात नेहमी 'जब कोई…' अशी करा. मराठीत लिहाल तर मराठी चित्र परत शिरतं, म्हणून हे वाक्य हिंदीतच हवं.

'काखेत कळसा नि गावाला वळसा' : 'जब कोई अपने पास रखी चीज़ को सब जगह ढूँढता फिरे।' एवढं लिहिलं की 'बगल में छोरा, शहर में ढिंढोरा' आपोआप आठवते. कळशाला हिंदीत काय म्हणावं, वळसा कसा सांगावा, हे प्रश्नच उरत नाहीत.

'पी हळद नि हो गोरी' : 'जब कोई चाहे कि काम हाथ लगाते ही फल मिल जाए।' इथे हिंदीत हळद नाही, गोरेपण नाही, आहे ती मोहरी : 'हथेली पर सरसों नहीं जमती।' हळदीला धरून बसलेला माणूस मोहरीपर्यंत पोचूच शकत नाही.

'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' : 'जब चीज़ से ज़्यादा उसके ऊपर का खर्च हो।' हिंदीत 'नौ की लकड़ी, नब्बे खर्च'.

कधी चित्र जवळपास तेच असतं आणि एका वस्तूने फसवतं. अंथरुणाची म्हण घ्या. मराठीत पाय पसरायचे ते खाली घातलेल्या अंथरुणावर. हिंदीत 'जितनी चादर, उतने पैर पसारो', म्हणजे मोजमाप पांघरुणाचं. 'बिस्तर देखकर पैर पसारो' असं म्हटलंत तर व्याकरण बरोबर, अर्थही कळेल, पण हिंदी कान लगेच ओळखतो की हे वाक्य बाहेरून आलं आहे.

३. उमेदवार गोळा करा, आणि जिवंत आहेत का ते पाहा

एका म्हणीसाठी निदान दोन-तीन हिंदी उमेदवार तिसऱ्या रकान्यात आले पाहिजेत. पहिल्याच सुचलेल्यावर थांबू नका. शब्दसागरात शोधताना हिंदी म्हणीतल्या नामावर शोधा : ढाक, चादर, लकीर, सरसों. मुख्य शब्दाखाली मुहावरे आणि कहावती सापडतात.

मग प्रत्येक उमेदवार आज बोलला जातो का, ते तपासा. म्हण अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा आणि ती कुठे कुठे भेटते ते बघा. बातमीच्या मथळ्यात, मुलाखतीत, कुणाच्या बोलण्यात भेटली तर ती जिवंत. फक्त 'लोकोक्तियाँ और उनके अर्थ' अशा परीक्षेच्या याद्यांतच भेटली, तर रंगमंचावर ती मेलेली समजा. शोधताना लेखनभेद लक्षात ठेवा. आँगन आणि आंगन, बाज़ आणि बाज, ढिंढोरा आणि ढँढोरा असं दोन्ही प्रकारे शोधावं लागतं.

'भीक नको पण कुत्रा आवर' याचं उदाहरण बघा. हिंदीत तिला नेमकी जोडीदार आहे : 'बख़्शो बी बिल्ली, चूहा लंडूरा ही भला।' शेपूट तुटलेला उंदीर मांजरीला म्हणतो, तुझा उपकार नको, मी असाच बरा. अर्थ इतका अचूक आहे की कोशात वाचताना मन खूश होतं. पण प्रेक्षागृहात बसलेल्या विशी-पंचविशीतल्या किती जणांना 'लंडूरा' माहीत असेल? त्यांच्यासाठी 'हम बाज़ आए ऐसी मदद से' हे साधं वाक्य म्हणीचं काम पूर्ण करतं. अचूक पण अनोळखी म्हणीपेक्षा ओळखीचा वाक्प्रचार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच : ते पात्रच जुन्या वळणाचं असेल आणि प्रसंगातून अर्थ उघड दिसत असेल, तर 'बी बिल्ली' फार गोड वाटते.

४. एक म्हण शेवटपर्यंत नेऊन बघू

समजा, एकांकिकेत वाड्यातल्या एका भाडेकरूच्या मुलाची सायकल चोरीला गेली आहे. दुसऱ्या दिवशी तो भलंमोठं कुलूप आणि साखळी घेऊन येतो आणि वाड्यातल्या उरलेल्या सायकली एकत्र बांधायला लागतो. ओसरीवर बसलेली मावशी म्हणते : 'आता कुलूप आणलंस होय! बैल गेला नि झोपा केला.'

झोपा म्हणजे गोठ्याचं काटक्या-फांद्यांचं ओबडधोबड दार. हिंदीत 'बैल गया और झोपा किया' म्हटलं तर 'झोपा' हा आवाजच अर्थहीन आहे. ऐकणारा फार तर झोपडीकडे जाईल. 'बैल गया तब दरवाज़ा लगाया' कळेल, पण त्यात धार नाही.

आता प्रसंग लिहू : 'जब कोई नुकसान हो जाने के बाद बचाव का इंतज़ाम करे।' बोलणारी वयस्क, ऐकणारा पोरगा, हेतू टोमणा. उमेदवार असे येतात.

पहिला, 'अब पछताए होत क्या, जब चिड़िया चुग गई खेत।' बहुतेक याद्यांत हीच जोडी दिलेली असते. पण ही म्हण पश्चात्ताप करणाऱ्याला सांगायची आहे. आपला मुलगा पस्तावलेला नाही, तो छाती पुढे काढून कुलूप लावतो आहे. त्याला 'पछताए' म्हटलं तर नटाला प्रश्न पडेल की मी रडवेला चेहरा करू का. त्यामुळे ही बाद.

दुसरा, 'का बरखा जब कृषि सुखाने।' तुलसीदासांच्या मानसातल्या बालकांडातली ही ओळ, मुळात 'का बरषा सब कृषी सुखानें'. धनुष्यभंगाआधी सीतेची घालमेल सांगताना ती येते. अर्थ असा की मदत आली, पण वेळ टळल्यावर. इथे मदत बाहेरून येत नाही, मुलगा स्वतःच बंदोबस्त करतो आहे. शिवाय ओळीत हळहळ आहे, टोमणा नाही. महापालिकेचा टँकर उशिरा आला असता तर मी हीच घेतली असती.

तिसरा, 'साँप निकल गया, अब लकीर पीटो।' वेळ गेल्यावर केलेली फुकटची धडपड. समोरच्याला उद्देशून म्हणता येते, बोचते, आणि लकीर पीटणं ही दिसणारी कृती आहे, जशी कुलूप लावणं ही दिसणारी कृती आहे.

चौथा उमेदवार अनेकांच्या मनात येतो : 'घोड़ा भागने के बाद अस्तबल पर ताला।' हा इंग्रजीतून हिंदीत आलेला आहे. वर्तमानपत्रात चालतो, पण ओसरीवरच्या मावशीच्या तोंडी तो उपरा वाटतो.

तिसरा घेतला. मावशीचं वाक्य झालं : 'अब लाया है ताला! साँप तो निकल गया, अब बैठके लकीर पीट।'

पण काम इथे संपत नाही. म्हण पुन्हा संवादात येते का, ते पाहायला पूर्ण संहिता चाळा. आपल्या एकांकिकेत शेवटी तोच चोर दुसऱ्या सायकलीसाठी परत येतो, साखळीचा आवाज होतो आणि तो पकडला जातो. मुलगा मावशीला म्हणतो : 'बघ मावशी, झोप्यामुळं बैल परत मिळाला!' हा हशाचा क्षण आहे. पहिल्या ठिकाणी 'चिड़िया चुग गई खेत' घेतली असती तर इथे काय म्हणणार? चिमणीने खाल्लेलं शेत परत येत नाही. साप मात्र इथे कामाला येतो, कारण हिंदी म्हणीत साप म्हणजे निसटलेला चोर आणि लकीर म्हणजे मुलाचं कुलूप : 'देख मौसी, लकीर पीटते-पीटते साँप ही पकड़ लिया!' मराठीत बैल म्हणजे गमावलेली वस्तू होती, हिंदीत साप म्हणजे चोर झाला. चित्र पूर्ण बदललं आणि हशाची जागा तिथेच राहिली.

म्हणून नियम असा ठेवा : एकच म्हण दोनदा येत असेल तर निवड दुसऱ्या जागेवरून करा, पहिल्या नव्हे.

५. सारख्या चेहऱ्याच्या म्हणींपासून सावध

सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो, जिथे दोन्ही भाषांत चित्र एकच असतं. मराठी माणसाला ती हिंदी म्हण लगेच सुचते आणि शंकाही येत नाही.

'पळसाला पाने तीनच' आणि 'ढाक के तीन पात' बघा. झाड तेच, पानंही तीनच. पण मराठी म्हण एका जागेवरून दुसऱ्या जागी बघते : इंदूर सोडून पुण्याला जा, कचेरीतले हेवेदावे तिथेही असणार, पळसाला पानं तीनच. हिंदी म्हण आजपासून उद्याकडे बघते : इतकं समजावलं, इतका खर्च केला, तरी 'फिर वही ढाक के तीन पात', म्हणजे स्थिती होती तशीच. नोकरी बदलून वैतागलेल्या पात्राला तुम्ही 'ढाक के तीन पात' म्हणायला लावलंत तर हिंदी प्रेक्षक समजेल की याची परिस्थिती सुधारली नाही. मूळ मुद्दा, की सगळीकडे सारखंच, तो हरवतो. तिथे 'जहाँ जाओ, वही हाल है' पुरेसं आहे. घरगुती कुरबुरींची गोष्ट असेल तर 'घर-घर मिट्टी के चूल्हे' हिंदीतही आहे.

'कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही' ही दुसरी. मराठीत ती सत्य लपत नाही यासाठी येते. हिंदीत कोंबडा आणि पहाट याच जोडीची म्हण आहे, 'मुर्ग़ा बाँग न देगा तो क्या सवेरा न होगा', पण ती म्हणते की तुझ्यावाचून काही अडत नाही. लपवाछपवी उघड करणाऱ्या संवादात ही घातली तर बोलणाऱ्याने समोरच्याचा अपमान केला असं होईल. तिथे 'सच छुपाए नहीं छुपता' हेच बरं.

तिसरी, आत्ताच वापरलेल्या सापाची. मराठीत 'साप साप म्हणून भुई धोपटणे' म्हणजे धोका नसताना केलेला आरडाओरडा. हिंदीत लकीर पीटायची ती खरा साप निघून गेल्यावर. दोन्हीकडे साप आहे, दोन्हीकडे जमिनीवर काठी आपटते आहे, आणि अर्थ पूर्ण वेगळे. त्यामुळे मराठी संहितेत 'भुई धोपटणे' आलं तर लकीर तिथे नेऊ नका. 'बेकार का हंगामा' किंवा 'राई का पहाड़ बनाना' यातलं प्रसंगाला जवळचं निवडा.

ही फसगत ओळखायची युक्ती सोपी आहे. मराठी म्हण घेऊन तीन वेगवेगळे प्रसंग लिहा, जिथे ती तुम्ही सहज म्हणाल. प्रत्येक प्रसंगात हिंदी म्हण ठेवून बघा. तिन्ही ठिकाणी बसली तर जोडी खरी. एका ठिकाणी जरी अडली तरी थांबा आणि तुमचा प्रसंग त्या अडलेल्या बाजूचा तर नाही ना, ते पाहा.

६. हिंदी म्हण त्या तोंडात शोभते का

म्हणीला वय असतं आणि घरही असतं. 'धी री मैं तुझको कहूँ, बहुरिया तू कान धर' ही 'लेकी बोले सुने लागे' ची सख्खी बहीण. खेड्यातल्या आजीच्या तोंडी ती सुरेख आहे. कॉलेजातल्या मुलीच्या तोंडी ती पाठ केल्यासारखी वाटेल. तिच्यासाठी 'कह किसी को रही हैं, सुना मुझे रही हैं' लिहा.

संतवचनांच्या बाबतीत शक्य तिथे वचनाला वचन द्यावं. 'आलिया भोगासी असावे सादर' ही तुकोबांची ओळ मराठी म्हातारा भक्तिभावाने म्हणतो. हिंदीत 'जो होगा देखा जाएगा' लिहिलंत तर तो बेफिकीर माणूस वाटेल. 'जाहि बिधि राखे राम, ताहि बिधि रहिए' यात भाव जागेवर राहतो आणि हिंदी घरांत ती रोजची आहे.

जातिवाचक म्हणींबद्दल माझं मत पक्कं आहे. 'कुठे इंद्राचा ऐरावत नि कुठे शामभटाची तट्टाणी' यासाठी 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' सगळ्यात आधी सुचते. राजा भोजाची धार नगरी आपल्या शेजारीच असल्याने माळव्यात ती आपली वाटते. पण समोर बसलेल्या कुणाचं तरी आडनाव आपण हशासाठी वापरतो आहोत, हे विसरू नये. 'कहाँ राम-राम, कहाँ टें-टें' हीसुद्धा अस्सल हिंदी म्हण आहे, हशा तेवढाच मिळतो आणि कुणी दुखावत नाही.

७. जोडीदार नसेलच तर

'नावडतीचं मीठ अळणी' ला हिंदीत तितकीच रुळलेली, तितकीच आखूड म्हण मला सापडलेली नाही. अशा वेळी तीन वाटा आहेत, आणि मी त्या याच क्रमाने घेतो.

आधी वाक्प्रचार. 'फूटी आँख न सुहाना' यात नावडतेपण पूर्ण येतं. स्वयंपाकघरातला प्रसंग असेल तर मीठही वाचवता येतं : 'मैं तो इन्हें फूटी आँख नहीं सुहाती, मेरा तो नमक भी फीका लगेगा।' हे म्हणीचं भाषांतर नाही, तरी सुनेच्या मनातला सल त्यात आहे. पहिला अर्धा भाग हिंदीचा ओळखीचा असल्याने दुसऱ्या अर्ध्या भागातलं मीठ परकं वाटत नाही.

वाक्प्रचारही जुळला नाही, तर साधं वाक्य. म्हणीच्या जागी म्हणच हवी हा हट्ट सोडा. लय हवी, म्हणजे वाक्य छोटं आणि शेवट ठाम. तेवढ्यावर नट ते पेलून नेतो.

तिसरी वाट शब्दशः भाषांतराची : 'हमारी मराठी में कहते हैं…' असं म्हणून. ती फक्त तेव्हा, जेव्हा पात्र मराठी असल्याचं नाटकात आधीच ठरलेलं आहे आणि त्याचं मराठीपण त्या क्षणी महत्त्वाचं आहे. पूर्ण एकांकिकेत एकदा. दुसऱ्यांदा तेच केलं की प्रेक्षकाला भाषांतरकार दिसायला लागतो.

८. इंदुरी कानाची परीक्षा

आता त्या दोन माणसांकडे वळू. इंदूरमध्ये होळकरांच्या काळापासून मराठी आणि हिंदी एकाच बाजारात, एकाच गल्लीत बोलल्या जात आहेत. आपले शेजारी आपलं बोलणं जन्मभर ऐकत आले आहेत. आपण मराठी म्हणीचं हिंदी केलं तरी त्यांना समजतं, आणि 'समझ गए' हे उत्तर ऐकून आपण निर्धास्त होतो. पण समजणं वेगळं आणि स्वतःहून तसं बोलणं वेगळं. आपला स्वतःचा कान तर या बाबतीत अजिबात साक्षीला घेऊ नये.

म्हणून वाक्य वाचून दाखवू नका. प्रसंग सांगा आणि विचारा : 'साइकिल चोरी हो गई, अब लड़का ताला लाया है। मौसी क्या बोलेगी?' पहिल्या माणसाच्या तोंडून जे येईल ते जसंच्या तसं वहीत लिहा, मध्ये सुचवू नका. बऱ्याचदा तुमच्या यादीत नसलेला, पण बोलण्यात ताजा असा पर्याय इथेच मिळतो. त्यानंतरच तुमचं वाक्य म्हणून दाखवा. ऐकणारा क्षणभर थांबला, किंवा 'हाँ, मतलब ये कि…' असं म्हणून तुम्हालाच अर्थ समजावायला लागला, तर वाक्य नापास.

दुसऱ्या, माळव्याबाहेरच्या माणसाला फक्त अंतिम वाक्यं ऐकवा. तो जिथे अडखळतो, तिथे एक तर मराठी डोकावते आहे किंवा आपली इंदुरी बोली. इंदुरी बोली पात्राची म्हणून मुद्दाम ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. मराठी डोकावत असेल तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर या.

९. म्हण वाक्यात बसवणं

योग्य म्हण मिळाली तरी ती संवादात चिकटवल्यासारखी दिसू शकते. हिंदीत म्हण येण्याआधी बहुधा एक छोटी पायरी असते. 'वो कहते हैं न…', 'ये तो वही बात हुई…', 'फिर वही…'. आपलं 'म्हणतात ना' तिथेच ठेवून चालत नाही, प्रत्येक म्हणीची पायरी वेगळी असते. 'ढाक के तीन पात' आधी 'वही' हवंच, त्याशिवाय ती लंगडी वाटते.

बऱ्याच हिंदी म्हणी बोलताना अर्ध्यावर सोडल्या जातात. 'नाच न जाने…' एवढं म्हणून माणूस हसतो, 'आँगन टेढ़ा' समोरचा मनात पूर्ण करतो. मराठीतही 'नाचता येईना…' पुरतं, म्हणून या जोडीत अडचण नाही. पण मराठीत पूर्ण म्हटलेली म्हण हिंदीत अर्धीच जास्त लागते, असं तालमीत पुष्कळदा दिसतं. 'हाथ कंगन को आरसी क्या' इतकं पुरतं, 'पढ़े-लिखे को फ़ारसी क्या' हे शेपूट नाटकात ओढलं की वेग मरतो.

पहिल्या वाचनाला वही घेऊन बसा आणि नटांना म्हणींच्या जागा आधी सांगू नका. एखादा नट म्हणीपाशी आवाज बदलून ती वेगळी, सुभाषितासारखी म्हणत असेल, तर दोन शक्यता असतात : एकतर म्हण त्या पात्राची नाही, किंवा आधीची पायरी कमी पडते आहे. आधी पायरी बदलून पाहा, कारण ते दोन शब्दांचं काम आहे. तरीही नट तसंच म्हणत राहिला, तर तिसऱ्या रकान्यातला पुढचा उमेदवार काढा आणि त्याच तालमीत म्हणवून घ्या.